पाडवा, भरती आणि रोहित पक्षी

गुढीपाडव्याला ठाण्याला यायचं, स्वागतयात्रा पाहायची, असा मावशीचा आग्रह किती तरी वर्षांचा. नौपाड्यात तिचं घर आहे. यात्रा हाकेच्या अंतरावरून जाते, आणि "गावाकडे टीव्हीवर बघत बसता त्यापेक्षा एकदा इथे या" हे तिचं पालुपद. लेकाला मात्र ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, पाहायचे होते. 2025 चा पाडवा रविवारी, 30 मार्चला आला आणि साताऱ्याहून निघायचं ठरलं.

ठरवताना मनात धाकधूक होतीच. मार्चअखेरीचं ठाणे म्हणजे घामाच्या धारा. सणाची गर्दी. शिवाय रविवारी पाडवा आणि लगेच सोमवार, म्हणजे फ्लेमिंगो पाहायला जिथून बोट सुटते ते ऐरोलीचं खाडी केंद्र बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, त्यातली कान्हेरीची लेणीही बंद. त्याच सोमवारी ईद येण्याची शक्यता होती. थोडक्यात, जे काही पाहायचं ते शनिवार-रविवारातच. एरवी कुठल्याही शनिवार-रविवारी जाता आलं असतं, मग मुद्दाम सणाच्याच तोंडावर का जायचं, हा नवऱ्याचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला तिथे गेल्यावर एका नावाड्याकडून मिळालं.

शनिवार, अमावास्या

सकाळी ठाण्यात उतरलो, मावशीकडे पोहे खाल्ले, बॅगा टाकल्या आणि परत स्टेशन गाठलं. ऐरोलीला जायला ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल. तिचे फलाट स्टेशनच्या पूर्वेच्या टोकाला आहेत, त्यामुळे पश्चिमेकडून पूल चढून चालत जायला दहा मिनिटं हाताशी ठेवा. मधे एकच स्टेशन, दिघा गाव, की लगेच ऐरोली. तिथून केंद्रापर्यंत रिक्षा.

बोटीची वेळ केंद्राकडूनच मिळते. ती भरतीवर ठरते, म्हणून रोज वेगळी असते. आम्हाला दुपारी अडीचची मिळाली होती. वेळ ऐकल्यावर नवरा म्हणाला, "अडीच? भर उन्हात?" मलाही वाटलं, सकाळची किंवा संध्याकाळची का नाही देत? जेटीवर थांबलो असताना हाच प्रश्न नावाड्याला विचारला. जवळच्याच दिवा कोळीवाड्यातला माणूस, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. त्याने उलट मलाच विचारलं, "ताई, आज तिथी कोणती?"

"अमावास्या."

"मंग झालं. आवसेला नि पुनवेला बाराच्या टायमाला भरती. फुडं रोज पाऊण-पाऊण तास मोजायचा. उद्या पाडवा, म्हंजे पाऊण वाजता. खाडीत हितवर पानी यायला आजून थोडा टाइम लागतो."

कोळ्यांचा हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. मी मनात करून पाहिला. अष्टमीला आठ पाऊण, म्हणजे सहा तास. बारात सहा मिळवले की भरती सहाला, सकाळीही आणि संध्याकाळीही. पाडवा म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. मग तो मार्चमध्ये येवो की एप्रिलमध्ये, त्या दिवशी भरती भर दुपारीच असणार. पाडव्याला जोडून फ्लेमिंगो पाहायचे तर उन्हातच पाहावे लागणार, हे तिथीनेच ठरवून टाकलेलं आहे. केंद्राचा किंवा बोटवाल्यांचा त्यात काही इलाज नाही.

नुसते पक्षीच पाहायचे असतील तर सण सोडा आणि अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. तेव्हा ऊन उतरल्यावरची किंवा लवकर सकाळची वेळ मिळण्याची शक्यता जास्त. फक्त त्या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्येला उधाण असतं. पाणी तिवरांच्या गळ्यापर्यंत येतं आणि ओहोटीला खाडीचा चिखल लांबवर उघडा पडतो. त्या उधाणामुळे आम्हाला जे दिसलं ते अष्टमीला इतक्या ठळकपणे दिसलं नसतं.

बोट निघाली तेव्हा खाडी भरलेली होती. दोन्ही बाजूंना तिवरं पाण्यात उभी, अधूनमधून चिपीची मोठी झाडं. एकीकडे मुलुंडकडे जाणारा पूल, दुसरीकडे विजेचे उंच मनोरे, आणि लांब मुंबईच्या इमारती. पक्षी म्हणाल तर बगळे, एक खंड्या, मनोऱ्यांवर बसलेल्या घारी. रोहित पक्ष्यांचा पत्ता नाही. बोटीतल्या एका कुटुंबाची कुजबुज सुरू झाली. लेकाचा चेहरा उतरला.

नावाडी शांत होता. त्याने इंजिन बंद केलं आणि बोट तशीच पाण्यावर सोडली. "पानी उतरू द्या," एवढंच म्हणाला.

या पक्ष्यांचं जेवण खाडीच्या तळाशी असतं. चिखलावर आणि उथळ पाण्यात वाढणारं सूक्ष्म शेवाळ छोटा रोहित चोच उलटी धरून, पाणी गाळून खातो. मोठा रोहित बारीक कोळंबी-किडेही खातो. पाय कितीही लांब असले तरी भरतीच्या भर पाण्यात ते उभे राहू शकत नाहीत. उधाणाला चिखल पूर्ण बुडतो, मग ते दक्षिणेकडे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन बसतात आणि पाणी ओसरायला लागलं की खाडीत परततात. भरतीच्या टोकाला निघालेल्या बोटीला म्हणून पक्षी कमी दिसतात. ओहोटी लागल्यावरची फेरी खरी. पण फार उशीर झाला तर बोटीलाच पाणी पुरत नाही. मधला जो थोडा वेळ मिळतो, तेवढाच कामाचा.

तिवरांच्या कडेला आधी एक काळी ओली रेघ दिसायला लागली. पाणी उतरत होतं. रेघेचा पट्टा झाला, मग खाडीच्या मध्यावर एक उंचवटा वर आला. आणि लेक ओरडला, "आई, ते बघ!"

दक्षिणेकडून रांग येत होती. आधी वीस-पंचवीस, माना पुढे, पाय मागे ताठ. डोक्यावरून गेले तेव्हा पंखांखालचा गडद गुलाबी आणि कडेचा काळा रंग लख्ख दिसला. त्यांच्यामागे दुसरी रांग, मग तिसरी. जिथे चिखल उघडा पडेल तिथे उतरायचे आणि उतरल्याबरोबर माना खाली घालून चरायला लागायचे. पाच-दहा मिनिटांत तो उंचवटा गुलाबी झाला. बोटीत कोणी बोलत नव्हतं. एक आजी हात जोडून बसल्या होत्या. तोवर समुद्रावरचा वाराही सुटला होता आणि बोटीला छप्पर होतं, त्यामुळे ज्या उन्हाची इतकी धास्ती घेतली होती ते पाण्यावर तेवढं जाणवलं नाही. जेटीवर परतल्यावर मात्र भाजून निघालो.

टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि माणशी दोन लिटर पाणी घेतल्याशिवाय या वेळी जाऊ नका. दुर्बीण असेल तर उत्तमच. दुपारच्या उजेडात मोबाइलवरचे फोटो पांढरट येतात, त्यापेक्षा डोळ्यांनी पाहून घ्या. पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरीपर्यंत असतात. सुट्टीच्या दिवसांच्या जागा लवकर भरतात, म्हणून पाडव्याच्या दिवशीच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशीची घ्या.

संध्याकाळी मावशी आम्हाला जांभळी नाक्यावर घेऊन गेली. झेंडू, आंब्याचे डहाळे, कडुलिंबाच्या जुड्या आणि साखरेच्या गाठी. गाठ्या पांढऱ्या, गुलाबी, केशरी. मावशीने गाठी बोटाने चाचपून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही दमट झालीये, उद्या दुपारपर्यंत पाघळेल." खाडीकाठच्या दमट हवेत गाठी फार आधी घेऊन ठेवत नाहीत. घेतली तरी घट्ट झाकणाच्या डब्यात, हे मला साताऱ्यात कधी कळलं नसतं.

तिथून तलावपाळीला गेलो. पाडव्याच्या पूर्वसंध्येला मासुंदा तलावाच्या काठाने दिवे लावतात, आरती होते. गर्दी होती, पण घरच्या माणसांची. आजोबा-आजी कठड्यावर बसलेले, पोरं आइस्क्रीम खात फिरतायत. तलावाकाठचं गडकरी रंगायतन तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं. नाटक पाहायची माझी इच्छा राहून गेली. दिव्यांचं प्रतिबिंब पाहून ती रुखरुख बरीच कमी झाली. सणाची हवा हवी आणि रेटारेटी नको, अशी माणसं बरोबर असतील, विशेषतः वयस्कर किंवा तान्ही मुलं, तर त्यांना ही संध्याकाळ दाखवा.

रविवार, पाडवा

पहाटे पाचला मावशीने उठवलं. अभ्यंगस्नान, मग गॅलरीत गुढी. वेळूच्या काठीला मावशीने तिच्या लग्नातला जरीचा खण बांधला, वर कडुलिंब, आंब्याचा टाळा, गाठी, हार आणि उपडा तांब्या. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, मिरी, हिंग आणि मीठ वाटून केलेली गोळी सगळ्यांनी खाल्ली. लेकाने तोंड वाकडं केलं, पण गिळली.

साडेसहाच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. ठाण्याची यात्रा कोपिनेश्वर मंदिरातून पालखी निघून सुरू होते. स्वागतयात्रांची ही प्रथा मुळात 1999 मध्ये डोंबिवलीत सुरू झाली, तिथल्या गणेश मंदिराच्या पुढाकाराने, आणि तिथून ती गावोगाव पसरली. डोंबिवलीची फडके रोडची गर्दी प्रसिद्ध आहे. ठाण्याच्या यात्रेत मला आवडलं ते हे, की ती जुन्या वस्तीतून फिरते आणि लोक आपापल्या दारातून तिचं स्वागत करतात.

मावशीचा सल्ला होता, तलावपाळीच्या चौकात अजिबात थांबायचं नाही. सगळे तिथेच जातात. आम्ही राम मारुती रोडच्या परिसरात एका बंद दुकानाच्या पायरीवर जागा धरली. रस्त्याच्या ज्या बाजूला सकाळची सावली होती, ती बाजू मावशीने मुद्दाम निवडली. समोरच्या बाजूची माणसं आठनंतर छत्र्या उघडायला लागली तेव्हा तिची हुशारी कळली.

आधी पालखी आली. मागे दिंडी, टाळ-मृदंग, मग शाळकरी मुलांचं लेझीम. नऊवारी, नथ आणि फेटे घातलेल्या बायका मोटारसायकलींवर. त्यांच्यात एक साठीच्या बाई होत्या, स्कूटरला छोटी गुढी बांधलेली, मावशी त्यांना पाहून जोरात ओरडली. शाळेत तिच्याबरोबर शिकवायच्या म्हणे. चित्ररथांवर पाणी वाचवा, झाडं लावा असे विषय. एका संस्थेची अंध मुलं हातात हात धरून गाणं म्हणत चालली होती, त्यांच्यासाठी लोकांनी आपणहून टाळ्यांचा ठेका धरला.

ढोल पथक आमच्यासमोर थांबलं. वीसेक ढोल, पुढे ताशे, मधे भगवा ध्वज नाचवणारी मुलगी. वादकांच्या बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, तरी एकाच्या पट्टीतून रक्त आलेलं दिसलं. ठेका थांबला की चार-पाच जण ढोल आडवा पाडून दोरी ताणायचे. त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, "काकू, दमट हवेत पान सैल पडतं, आवाज बसतो. दर थांब्याला ताणावं लागतं." समोरच्या इमारतीतून एक काका पन्ह्याची मोठी पातेली घेऊन उतरले आणि वादकांना स्वतःच्या हाताने पेले देत गेले. पुढच्या कोपऱ्यावर ताक, त्याच्या पुढे कोकम सरबत. सांगितलेलं कोणीच नव्हतं, सगळे आपापल्या घरून आणत होते.

आवाज मात्र दोन इमारतींच्या मधे कोंडतो. लेकाने कानांवर हात ठेवले होते. लहान मुलांसाठी कापसाचे बोळे न्या आणि पथकाच्या अगदी समोर उभं राहू नका.

साडेनऊच्या सुमारास ऊन चटकायला लागलं आणि गर्दीचा रंगही बदलला. सकाळी कुटुंबं होती, आता तरुण मुला-मुलींचे घोळके फोटोसाठी येत होते. त्यांचा उत्साह गोड होता, पण चालायला जागा उरली नाही. यात्रा पाहायची तर साडेसहा ते नऊ. त्यानंतर यायचं तर मित्रमैत्रिणींना भेटायला यावं. त्या दिवशी त्या भागात रिक्षा मिळत नाही, रस्ते बंद असतात. आमचं घर पायी अंतरावर होतं म्हणून निभावलं. मुक्काम करणार असाल तर स्टेशन पश्चिम किंवा नौपाडा असा चालत जाता येईल असाच धरा.

घरी पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. जेवण झाल्यावर नवरा आडवा झाला. मी आणि लेक निघालो नेरुळला. भरती पाऊण वाजता, खाडीत आत आणखी थोडी उशिरा. काल खाडीत परत येणारे पक्षी पाहिले होते, ते येतात कुठून हे आज पाहायचं होतं.

ठाण्याहून नेरुळची थेट लोकल मिळते, पुढे सीवूड्सपर्यंत जायचं आणि तिथून रिक्षा. रविवारी मेगाब्लॉक आहे का, हे निघण्यापूर्वी बघून घ्या. पाम बीच रोडच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला पाणथळी आहेत, आणि तिथे बोट लागत नाही, तिकीटही नाही. पाणथळीच्या काठावर एक झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही बसलो. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा निवांत उभा होता. बरेचसे एका पायावर, मान पाठीवर वळवून, डोकं पिसांत. चरणारा एखादाच.

तिथे एक काका रोज येणारे भेटले, दुर्बीण आणि वही घेऊन. त्यांनी लेकाला दुर्बिणीतून छोटा आणि मोठा रोहित कसे ओळखायचे ते दाखवलं. छोट्याची चोच गडद लाल, लांबून काळपट दिसणारी. मोठ्याची फिकी गुलाबी, फक्त टोक काळं. ते म्हणाले, "या पाणथळींमध्ये भरतीचं पाणी आत-बाहेर खेळायला हवं. वाट बुजली की पाणी सडतं आणि पक्ष्यांना बसायला जागा राहत नाही." ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर हा महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण भरतीला पक्षी जिथे आसरा घेतात त्या नेरुळच्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, हे तिथे बसून कळलं आणि काळजी वाटली. काल बोटीतून पाहिलेला प्रत्येक थवा या तळ्यांच्या जिवावर भरतीचे तास काढतो.

साडेतीनच्या सुमारास थव्यात चुळबुळ सुरू झाली. माना वर आल्या, सगळे एका दिशेला चालायला लागले. मग पुढची रांग पाण्यावरून धावत उठली आणि उत्तरेकडे वळली. लेक म्हणाला, "आई, चालले ते ऐरोलीला. आता तिथे चिखल उघडला असेल."

संध्याकाळी सूर्यास्ताला गुढी उतरवायला घरी पोहोचलो. मावशीने हळदकुंकू वाहून गुढी उतरवली. पश्चिमेला, अगदी क्षितिजाजवळ, बारीक चंद्रकोर दिसली. शेजारच्या गच्चीवरूनही कोणी तरी तिकडेच बोट दाखवत होतं. थोड्याच वेळात मावशीच्या फोनवर राबोडीतल्या तिच्या जुन्या सहकारी शिक्षिकेचा फोन आला. चाँद दिसला, उद्या ईद, सकाळी सगळ्यांनी यायचं.

सोमवार

बाहेर पाहण्यासारखं जवळपास सगळं बंद असल्याने आज घाई नव्हती. सकाळी तहसीलदार कचेरीजवळची मामलेदार मिसळ खाल्ली. तिखटाची सवय नसेल तर आधीच सांगा, तर्री कमी घालून देतात. मग राबोडीत बाईंकडे शीरखुर्मा. त्यांच्या अम्मींनी लेकाला ईदी दिली आणि पाडव्याच्या गाठीतली एक चकती मावशीकडून मागून घेतली. दोन्ही घरांची ही देवाणघेवाण शाळेत असल्यापासूनची. सण टाळून आलो असतो तर ही सकाळ मिळाली नसती.

दुपारी परतीची गाडी पकडली. पुढचा पाडवा 19 मार्च 2026 ला, गुरुवारी आहे. म्हणजे यंदापेक्षा ऊन थोडं कमी, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार असल्याने केंद्र आणि उद्यान दोन्ही उघडी. भरती मात्र दुपारचीच. त्याच्या पुढचा 2027 चा पाडवा 7 एप्रिलला, तेव्हा उन्हाची जास्त तयारी ठेवावी लागेल. जमलं तर मी 2026 चा धरणार आहे. बुधवारी बोट, गुरुवारी यात्रा, आणि शुक्रवारी येऊरचं जंगल, जे या खेपेला राहून गेलं.